‘शुभो बिजोया’ कधी म्हणायचं?

दुर्गापूजेत ऑफिसातल्या बंगाली सहकाऱ्याला षष्ठीपासून ‘शुभो शारदीया’ म्हण, अष्टमीला ‘शुभो अष्टमी’ही चालेल. खरी गडबड दशमीला होते. आपण दसऱ्याच्या सकाळीच शुभेच्छा देऊन मोकळे होतो, पण त्यांच्यासाठी तो दुर्गा माहेरून सासरी निघण्याचा दिवस. ‘शुभो बिजोया’ विसर्जनानंतरच म्हणतात, त्याआधी ते खटकतं. तेव्हा दशमीला संध्याकाळपर्यंत थांब. राहून गेलंच तर घाई नाही, कालीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या दिवाळीपर्यंत, म्हणता येतं. वयाने मोठ्या दादा-दीदींना ‘शुभो बिजोया, प्रोणाम नेबेन’, म्हणजे ‘प्रणाम घ्या’, असं लिही. सोबत मिठाई नेलीस तर उत्तमच. आणि अष्टमीला ‘उपास आहे ना?’ विचारू नकोस. पुष्पांजलीपर्यंत उपाशी राहणारेही नंतर मंडपाबाहेर एगरोल खातात!