‘तुला काय वाटतंय?’ आणि ‘ठीक आहे’

एका वाचक भगिनीने आपल्या पतीविषयी लिहिले आहे. पाच आठवड्यांपूर्वी तिच्या सासऱ्यांची मायदेशी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. पतीने परदेशातून सगळी व्यवस्था फोनवर पाहिली, डॉक्टरांशी बोलणे केले, पैसे पाठवले, भावाशी वेळा ठरवून घेतल्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तिने विचारले, “तुला काय वाटतंय?” उत्तर आले, “मला वाटतं सर्जन अनुभवी आहेत. आणि खोली लिफ्टजवळच आहे, म्हणजे आईला त्रास नाही.” त्याच रात्री दोन वाजता तो पोट आवळल्यासारखे होते म्हणून उठला, आम्लपित्ताची गोळी घेतली आणि पुन्हा झोपला. असे आठवडाभर चालले. सासरे आता घरी आले आहेत आणि बरे आहेत, पण या भगिनीच्या मनातून एक प्रश्न जात नाही: “इतक्या कठीण प्रसंगी ज्याला काहीच वाटत नाही, तो माणूस आमच्यासाठी तरी काय वाटून घेणार?”

ताई, तुमच्या पत्रावरून कुणाचे निदान करता येणार नाही आणि मी ते करतही नाही. तरीही तुम्ही जे वर्णन केले आहे, ते अ‍ॅलेक्सिथायमिया नावाच्या स्वभाववैशिष्ट्याशी बरेच जुळते. हा शब्द पीटर सिफ्नीओस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला प्रचारात आणला. ग्रीक मुळांनुसार त्याचा अर्थ ‘भावनेसाठी शब्द नसणे’ असा होतो. हा मानसिक आजार म्हणून नोंदला जात नाही. हे कमीअधिक प्रमाणात आढळणारे वैशिष्ट्य आहे आणि सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे दहा टक्के लोकांमध्ये ते ठळकपणे दिसते, असे मानले जाते. ते मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली टोरांटोच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्यात 20 विधाने असतात. ही विधाने तीन गोष्टी तपासतात: आपल्याला नेमके काय होते आहे हे ओळखता येणे, ते दुसऱ्याला सांगता येणे, आणि मनाच्या आत पाहण्यापेक्षा बाहेरच्या तपशिलांवर लक्ष राहणे. लिफ्टजवळची खोली हे या तिसऱ्या गोष्टीचे नमुनेदार उदाहरण आहे.

या वैशिष्ट्यात भावना नसतात, असे मात्र नाही. शरीरात खळबळ होते, पोट आवळते, झोप मोडते. पण तिच्यावर ‘भीती’ अशी चिठ्ठी लागत नाही आणि म्हणून ती पोटाचीच तक्रार ठरते. आपल्या भाषेने भीतीला ‘पोटात गोळा आला’ असे म्हणून शरीर आणि मन यांची गाठ केव्हाच बांधून ठेवली आहे. तुमच्या पतीला गोळा जाणवला, गाठ मात्र दिसली नाही. (पोटाची तक्रार वारंवार होत असेल, तर ती मनाची आहे असे गृहीत न धरता आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दुखत असेल तर अजिबात वाट पाहू नये.)

तुमच्या प्रश्नातच एक अडचण दडलेली आहे. मराठीत ‘वाटणे’ हे क्रियापद मत आणि भावना या दोहोंसाठी चालते. ‘मला वाटतं पाऊस येईल’ आणि ‘मला भीती वाटते’ यांत तेच क्रियापद आहे. ज्याला भावनेचा शब्द चटकन सापडत नाही, तो ‘काय वाटतंय?’ या प्रश्नाचा सोपा अर्थ घेतो आणि प्रामाणिकपणे मत देतो. तुम्हाला ते टाळाटाळीचे वाटते, त्याच्या दृष्टीने मात्र प्रश्नाचे उत्तर देऊन झालेले असते. मग तुम्ही तोच प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारता, त्याचे ‘ठीक आहे’ आणखी आखूड होते आणि संवाद तेथेच थांबतो.

दडवणे आणि न सापडणे यांतला फरक ओळखण्याची एक खूण आहे. जो दडवतो, त्याला आत काय आहे ते ठाऊक असते. रागात, जवळच्या मित्रापाशी किंवा काही दिवसांनी ते बाहेर येते, आणि तेही नेमक्या शब्दांत. ज्याला सापडत नाही, तो विचारल्यावर खरोखर गोंधळतो, “माहीत नाही, कसंतरी होतं” असे म्हणतो आणि एकांतातही त्याच ठिकाणी अडखळतो. हे पूर्वी नव्हते आणि अलीकडेच सुरू झाले असेल, रस कमी झाला असेल, झोप आणि भूक बदलली असेल, तर नैराश्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करायला हवा. नैराश्यात हे प्रमाण वाढते. स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांत अ‍ॅलेक्सिथायमिया आढळतो, परंतु तो असला म्हणजे स्वमग्नता असते, असा उलटा निष्कर्ष निघत नाही.

तुम्ही करून पाहू शकाल अशी एकच गोष्ट सुचवते: ‘काय वाटतंय’ बाजूला ठेवा आणि आधी शरीर, मग वेळ, मग प्रसंग या क्रमाने विचारा. आमच्या सल्लागार कक्षात अशाच एका जोडप्याचे संभाषण साधारण असे झाले.

“पोट कधी आवळलं?”
“रात्री.”
“रात्री झोपायच्या आधी काय झालं होतं?”
“दादाचा फोन होता. उद्या सकाळी सात वाजता घेऊन जाणार म्हणाला.”
“फोन ठेवल्यावर लगेच आवळलं की नंतर?”
“ठेवताना. हं, ठेवतानाच.”
“मला असा फोन आला असता, तर धास्ती वाटली असती, किंवा इथून काही करता येत नाही याचा राग आला असता. तुला यातलं काही जुळतंय का, की वेगळंच?”
बराच वेळ शांतता, मग: “धास्ती नाही. तिथे असायला हवं होतं, असं.”

येथे पत्नीने दोन शब्द सुचवले आणि पतीने दोन्ही नाकारले. ही चांगली खूण आहे, कारण सुचवलेला प्रत्येक शब्द ‘हो, तसंच’ म्हणून स्वीकारला जात असेल, तर समोरचा माणूस तुमचे समाधान करत असतो, स्वतःला तपासत नसतो. ‘तू घाबरला आहेस’ असे ठामपणे सांगितले, तर नेमके हेच होते. त्याने उच्चारलेले ‘तिथे असायला हवं होतं’ हे भावनेचे नाव नाही, पण त्याला ‘अपराधीपणा’ म्हणून नाव द्यायची घाई करू नये. पुढच्या वेळी त्याच वाक्याने बोलणे सुरू करता येते. उत्तर दुसऱ्या दिवशी आले, लिहून आले, किंवा गाडी चालवताना एकमेकांकडे न पाहता आले, तरी ते उत्तरच आहे.

परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक स्वतंत्र सूचना करते. मूल मराठीत ‘काही नाही’ एवढेच म्हणत असेल, तर त्याला शाळेच्या भाषेत बोलू द्या. तेथे तेच मूल ‘चिडलो’, ‘लाज वाटली’, ‘एकटं पडलो’ याची भाषांतरे सहज वापरत असेल, तर अडचण शब्दसंग्रहाची आहे, अ‍ॅलेक्सिथायमियाची नाही. दोन्ही भाषांत तितकीच अडखळ असेल आणि ती बराच काळ टिकली असेल, तर मुलांचे समुपदेशक पाहतील.

आणि ताई, तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल: त्या आठवड्यात त्याने भावाला किती वेळा फोन केला, ते आठवून पाहा. मग संध्याकाळी त्याला विचारा की, दादाचा पहिला फोन ठेवल्यावर हात कुठे होता, पोटावर की टेबलावर.