दीड हजार रुपयांची वाट

"ताई, मी निफ्टीच्या ऑप्शनमध्ये एक मिनिटाच्या चार्टवर दोन-दोन पॉइंटचे सौदे करतो. दहातले सात बरोबर येतात. तरी महिनाअखेरीला खात्यात पैसे कमीच. माझं चार्ट वाचणं चुकतंय का?" (चिकोडी)

२०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या टिळकवाडीतल्या खोलीत एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. खरं तर वडीलच त्याला घेऊन आले होते. कडोलीकडची माणसं, बटाटा आणि भाजीपाला पिकवणारी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) मुलगा पदवीधर, बोलायला हुशार. आल्या आल्या त्यानं मोबाईल पुढे केला. "बघा की ताई, आज चारशे वीस रुपये फायदाच हाय. अण्णांना उगाच वाटतंय मी पैसे घालवतोय म्हणून."

मी त्याला कॉन्ट्रॅक्ट नोट मागितली. दिवसभराच्या सौद्यांचा खर्चासकट हिशेब संध्याकाळी ईमेलवर येतो, तो. त्यानं तो कधी उघडलाच नव्हता.

तेव्हा निफ्टीचा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावे लागणारे किमान नग, ७५ चा होता. हा मुलगा १२० रुपयांच्या आसपास प्रीमियम, म्हणजे भाव, असलेला ऑप्शन घ्यायचा, दोन पॉइंट वर विकायचा आणि दोन पॉइंट खाली स्टॉपलॉस ठेवायचा. म्हणजे चार्टवर जिंकला तर दीडशे रुपये, हरला तर दीडशे. आम्ही एकच सौदा घेऊन कागदावर मांडला. खरेदीची एक ऑर्डर, विक्रीची एक, प्रत्येकी २० रुपये दलाली, म्हणजे ४०. विक्रीच्या प्रीमियमवर तेव्हाच्या ०.१ टक्के दरानं एसटीटी हा सरकारी कर, सुमारे ९ रुपये. एक्सचेंजचं शुल्क सहा रुपयांच्या वर. दलाली आणि या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, आठ रुपयांच्या वर. स्टँप ड्यूटीचे काही पैसे. बेरीज ६४ रुपये. हे दर पुढे-मागे होत राहतात, तुमच्या नोटेवर आज जे छापलेलं असेल तेच धरा.

अण्णा इतका वेळ गप्प होते. आता चष्मा लावून त्यांनी कागद ओढला. "ही तर पट्टी झाली," ते म्हणाले. अडत्याकडं माल टाकला की हमाली, तोलाई कापून हातात पडते ती पट्टी त्यांनी जन्मभर वाचलेली. पुढचं अर्धं काम त्यांनीच केलं.

पण पट्टीवर न दिसणारी एक कपात राहिली होती. घेणाऱ्याचा भाव आणि विकणाऱ्याचा भाव कधीच एक नसतो. पडद्यावर १२० दिसतं तो फक्त शेवटचा झालेला सौदा. प्रत्यक्षात विकणारा १२०.२० मागतोय आणि घेणारा ११९.८० देतोय. मार्केट ऑर्डर टाकली की तुम्ही महाग घेता आणि स्वस्त विकता. घाईत भाव आणखी थोडा सरकतो. त्याच्या ऑर्डरींचे भाव चार्टशी ताडून पाहिले, तर जाऊन-येऊन सरासरी साठ पैसे जात होते. ७५ नं गुणा, ४५ रुपये.

आता जिंकलेला सौदा: १५० मधून ६४ आणि ४५ गेले, उरले ४१. हरलेला सौदा: १५० अधिक १०९, म्हणजे २५९ गेले. एक हार भरून काढायला सहाहून जास्त जिती लागतात. बरोबरीत सुटायचं तर शंभरातले सुमारे ८६ सौदे बरोबर यायला हवेत.

त्याच्या त्या दिवसाचे २४ सौदे होते. १७ बरोबर, ७ चूक. तुमच्यासारखंच, दहात सात. चार्टच्या हिशेबानं वीस पॉइंट, दीड हजार रुपये. भावांतल्या फरकात १,०८० गेले, म्हणून ॲपवर ४२० दिसत होते. ते आकडे खर्च कापण्याआधीचे. चौसष्ट गुणिले चोवीस, १,५३६ रुपये वजा केले की १,११६ रुपयांचा तोटा. अण्णांनी दोनदा गुणाकार करून घेतला.

मुलाचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "मग लिमिट ऑर्डर टाकतो. ११९.८० लाच घेतो." टाकून बघा. भाव खाली घसरत असतो तेव्हा ती ऑर्डर हमखास भरते, आणि जो सौदा लगेच वर उडणार असतो त्यात तुम्ही रांगेतच राहता. वाचलेले पैसे असे दुसऱ्या दारानं जातात. दोन्ही भाव लावून त्यातला फरक कमावणारे लोक असतात, पण त्यांची यंत्रं एक्सचेंजच्याच आवारात ठेवलेली असतात. कडोलीच्या वायफायवरून त्या रांगेत पुढं जाता येत नाही. आणि दलाली अगदी शून्य धरली, तरी त्याला शंभरात ७१ बरोबर यायला हवे होते. हे मीच त्याला सांगितलं, कारण पुढचा प्रश्न स्वस्त ब्रोकरचा येणार होता.

चार्ट वाचण्याचं म्हणाल, तर एक मिनिटाच्या कँडलमध्ये वाचायला फार थोडं असतं. शेवटचा सौदा कधी १२०.२० ला होतो, कधी ११९.८० ला. कुणाचंही मत बदललेलं नसतं, तरी कँडल हिरवी-लाल होते. मी त्याला घरचा अभ्यास दिला. जुन्या दिवसांचा चार्ट घ्यायचा, नाणं उडवून प्रवेशाची मिनिटं ठरवायची आणि वर दोन पॉइंट आधी लागतात की खाली, एवढंच लिहायचं. आठवड्यानं वही आली. निम्म्याच्या आसपास वर, निम्मे खाली. त्याचे स्वतःचे महिनाभराचे सौदे दहात सहाच्या आसपास होते. म्हणजे नाण्यापेक्षा बरा होता तो. पण ८६ पासून फार लांब.

वेळ वाढला की भावाची हालचाल वाढते, पण त्याच पटीत नाही. पंचवीस मिनिटांत ती साधारण पाचपट होते, पंचवीसपट नव्हे. खर्च मात्र तेवढाच राहतो. वीस पॉइंटचं लक्ष्य आणि वीसचाच स्टॉपलॉस धरला, तर तेच १०९ रुपये दीड हजारातून जातात आणि बरोबरीला शंभरात ५४ पुरतात. याचा अर्थ मोठा चार्ट पैसे देतो असा नाही. हरलात तर एका फटक्यात सोळाशे जातात आणि ऑप्शनचा प्रीमियम वेळेबरोबर झिजतो तो वेगळाच. फक्त हुशारी असलीच, तर ती खर्चाखाली गाडली जात नाही. सेबीच्या जुलै २०२४ च्या अहवालात रोख शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्यांची पाहणी आहे. २०२२-२३ मध्ये त्यातले दहात सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत दहात आठ.

तुम्ही एवढं करा. मागच्या वीस दिवसांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा काढा. एकूण खर्चाला सौद्यांच्या संख्येनं भागा, मग एका सौद्यातल्या नगांनी, त्याच्या बाबतीत ७५ नं. खर्च पॉइंटमध्ये मिळेल. त्याच्यासाठी तो ०.८५ होता, भावांतला फरक धरून जवळजवळ दीड. तुमच्या लक्ष्याशेजारी तो आकडा लिहून ठेवा. आणि तोवर लॉट वाढवू नका. दलालीचा वाटा कमी होतो खरा, पण मोठ्या ऑर्डरीला समोर तेवढा माल त्याच भावात मिळेलच असं नाही.

मुलाला हे पटायला दोन महिने लागले. मधे एकदा चिडून म्हणाला, "तुम्हाला बाजार कळत नाही ताई." अर्धं खरं होतं. मला बाजार नाही, वजाबाकी कळते. पतसंस्थेत आईच्या पाटल्या ठेवून काढलेलं कर्ज अजून फिटायचं आहे. परवा खडेबाजारात अण्णा भेटले. विचारलं, पोरगा काय करतोय. म्हणाले, "संध्याकाळी ईमेल उघडून मला पट्टी वाचून दाखवतोय. दिवसाला एकच सौदा असतो आता, कधी नसतो बी."