हुमण पातळ झालं तर

बांगड्याचं हुमण पाणचट झालं तर मासे आत ठेवून आटवू नकोस, तुकडे फुटतात. ते अलगद ताटलीत काढ आणि नुसता रस झाकण न ठेवता मध्यम आचेवर 5-7 मिनिटं उकळ. पळीच्या पाठीवर रस चिकटून राहिला की झालं. आटताना मीठ आणि सोलांचा आंबटपणा दोन्ही वर येतात, म्हणून मीठ शेवटी चाखूनच घाल. बेसन इथे नकोच, नारळाची चव मारतं.

चिकन शागुतीचं वेगळं. चौघांच्या रश्शाला 8-10 काजू गरम पाण्यात भिजवून गंधासारखे वाट. मंद आचेवर घालून तळापासून ढवळत राहा, वाटण पटकन खाली लागतं. निवल्यावर रस्सा आणखी आळतो, तेव्हा जरा पातळ असतानाच गॅस बंद कर. फारच घट्ट झाला तर गरम पाणीच घाल.