पॉवर प्रेसवरच्या अपघाताचा रिपोर्ट: आधी काय वाचलं जातं?

प्रश्न: प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. अपघाताचा रिपोर्ट लिहून दिला की विमा कंपनीचा माणूस नाही तर सेफ्टीवाले परत पाठवतात, 'माहिती अपुरी'. ते सगळ्यात आधी बघतात तरी काय?

उत्तर: आधी वेळा जुळवतात. रिपोर्टमधली अपघाताची वेळ, हजेरी आणि दवाखान्याच्या केसपेपरवरची वेळ. अपघात ३:४० चा आणि केसपेपर ३:३० चा असेल, तर पुढचं सगळं संशयाने वाचलं जातं. घड्याळ पाहिलं नसेल तर 'अंदाजे' असं स्पष्ट लिहा.

मग शोधतात ते एकच वाक्य: बोटं डायमध्ये असताना स्लाइड खाली कशी आली? बहुतेक रिपोर्टांत तिथे 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हात अडकला' असं असतं. हा निष्कर्ष झाला, घटना नव्हे. तपासणारा तो बाजूला ठेवतो आणि घटना कुठे सापडते ते पाहतो.

समजा, ५० टनी प्रेसवर ऑपरेटर अडकलेला पीस काढत होता आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. दोन्ही हातांची बटणं चालू असतील, तर स्ट्रोक देताना त्याचे हात बटणांवर हवेत. मग हात डायमध्ये कसा? एक बटण पट्टीने दाबून ठेवलं होतं का? सिलेक्टर पायाच्या पेडलवर होता का? तसं असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. की दुसऱ्याच कोणी स्ट्रोक दिला? बटणं ज्याचे हात त्यांच्यावर आहेत त्यालाच वाचवतात, शेजारी उभ्या हेल्परला नाही.

आणखी एक शक्यता नेहमी राहून जाते. एकदा दाबल्यावर स्लाइड वर जाऊन थांबायला हवी होती, ती आपोआप पुन्हा खाली आली. पिन क्लचच्या जुन्या प्रेसवर पिन झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली की असं होतं. असा अपघात 'निष्काळजीपणा' म्हणून नोंदवला, तर तीच प्रेस दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा हात घेईल. म्हणून 'पहिल्या स्ट्रोकला की दुसऱ्या', हे लिहाच. गेल्या काही दिवसांत 'डबल स्ट्रोक मारते' अशी तक्रार ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये आहे का, तेही जोडा. ते रजिस्टर तपासणारा मागणारच आहे.

प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी पाहिली ते असू द्या. 'गार्ड उघडा होता' हे तुम्ही पोचल्यावर पाहिलं असेल, तर तसंच लिहा. हात सोडवताना कोणीतरी तो उघडलेला असू शकतो. हात काढायला फ्लायव्हील हाताने फिरवलं का, कोणी फिरवलं, सिलेक्टरची चावी कोणी हलवली, हेही लिहा. जखमीला हलवल्यावर आधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा आणि काही हलवण्यापूर्वी सिलेक्टरचा फोटो काढा. प्रेस पुन्हा चालू झाली की क्लचची ती अवस्था सिद्ध करणं फार अवघड जातं.