ऑफर लेटरमधील प्रोबेशन, पगार आणि अटी: एकच अर्थ निघेल अशी वाक्ये

प्रश्न: आमची लहान कंपनी आहे आणि मी पहिल्यांदाच ऑफर लेटर तयार करत आहे. पद, पगार, प्रोबेशन आणि अटी कशा लिहाव्यात, म्हणजे रुजू झाल्यावर ‘हे तर आधी सांगितलंच नव्हतं’ असं कोणी म्हणणार नाही?

उत्तर:

मी अनेक वर्षे कर्मचारी-भरतीचे काम करत आहे. या काळात माझ्यासमोर आलेल्या बहुतेक वादांत वादाचा मुद्दा पत्रात लिहिलेला असे. कंपनीने तो एका अर्थाने लिहिलेला असे आणि उमेदवाराने दुसऱ्या अर्थाने वाचलेला असे. असे सर्वाधिक प्रसंग मी प्रोबेशनच्या कलमावरून पाहिले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी पूर्वी काम करत असलेल्या एका ठिकाणी पत्रात असे वाक्य होते: ‘आपला प्रोबेशनचा कालावधी सहा महिन्यांचा राहील व काम समाधानकारक आढळल्यास आपणास सेवेत कायम करण्यात येईल.’ पुढच्या पानावर नोटीसची मुदत होती, प्रोबेशनमध्ये १५ दिवस आणि कायम झाल्यावर ६० दिवस. एका कर्मचाऱ्याचे सहा महिने पूर्ण झाले तेव्हा त्याचे व्यवस्थापक रजेवर होते, त्यामुळे मूल्यमापन राहून गेले आणि कायम केल्याचे पत्र निघालेच नाही. आठव्या महिन्यात त्याने १५ दिवसांची नोटीस देऊन राजीनामा दिला, तेव्हा कंपनीने सहा महिने उलटल्यामुळे तो कायम झालेला आहे असे सांगून ६० दिवसांची मागणी केली. त्याचे म्हणणे असे, की कायम केल्याचे पत्र मिळाले नाही म्हणजे प्रोबेशन अजून सुरूच आहे. दोन्ही अर्थ त्या वाक्यात बसत होते. सर्वांत वाईट म्हणजे त्याच वर्षी दुसऱ्या एका कर्मचाऱ्याला नवव्या महिन्यात कमी करताना कंपनीने नेमकी उलट बाजू घेतली आणि पत्र निघाले नसल्याने १५ दिवस पुरेत असे सांगितले. त्या मसुद्यावर माझी सही होती आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून मी प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारतो: ठरलेल्या तारखेला कोणीही काहीच केले नाही, तर काय होईल? समजा, उमेदवार १ जानेवारीला रुजू होणार आहे. मग कलम साधारण असे लिहावे: ‘प्रोबेशनचा शेवटचा दिवस ३० जून हा असेल. मुदतवाढ द्यायची असल्यास कंपनी २३ जूनपर्यंत कारणासह लेखी कळवेल. अशी मुदतवाढ एकदाच आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांची असेल. मुदतवाढ किंवा सेवासमाप्ती यांपैकी काहीही लेखी कळवले गेले नाही, तर आपण १ जुलैपासून सेवेत कायम झालात असे समजले जाईल.’ काही कंपन्या याच्या उलट ठेवतात, म्हणजे लेखी पत्र मिळेपर्यंत प्रोबेशन चालूच राहते. तेही स्पष्ट आहे, पण त्याला कमाल मुदत लिहिली नाही तर माणूस वर्षानुवर्षे अधांतरी राहतो, म्हणून मला पहिला मार्ग अधिक न्याय्य वाटतो. प्रोबेशन आणि नोटीसच्या मुदतींवर कायद्याची मर्यादा असू शकते आणि पत्रात काहीही लिहिले तरी ती मर्यादा ओलांडता येत नाही. हे कलम कामगार कायद्याच्या वकिलाकडून एकदा तपासून घ्यावे.

कायम होण्याच्या दिवशी नोटीसखेरीज आणखी काय बदलते, हेही तिथेच लिहावे. रजा, विमा आणि कामगिरीवर आधारित रक्कम यांपैकी जे प्रोबेशननंतरच सुरू होते, ते पगाराच्या तक्त्यात पूर्ण वर्षासाठी दाखवलेले असते, आणि उमेदवाराचा हिशेब तिथेच चुकतो.

उदाहरणासाठी जाहीर केलेली वार्षिक रक्कम १०० धरू. त्यात ठरलेला पगार ७२, कामगिरीवर आधारित रक्कम १२, निवृत्ती निधी व विमा यांसाठी कंपनी भरते ते ८ आणि जॉइनिंग बोनस ८ आहे. उमेदवार मनात १०० ला १२ ने भागतो आणि महिन्याला ८.३३ मिळतील असे धरून घरभाड्याचा, हप्त्यांचा विचार करतो. प्रत्यक्षात मासिक पगार ६ आहे, आणि त्यातूनही कर व त्याची स्वतःची वर्गणी कापली जाणार आहे. कामगिरीची रक्कम प्रोबेशननंतरच लागू होत असेल, तर पहिल्या वर्षी १२ ऐवजी जास्तीत जास्त ६ मिळतील, म्हणजे एकूण ९४ च्या वर जाताच येत नाही. दुसऱ्या वर्षी बोनस नसल्यामुळे पगारवाढ झाली नाही तर एकूण ९२ राहते. यात बेकायदा काही नसेलही, पण १०० हा आकडा त्या माणसाच्या हाती कोणत्याच वर्षी येत नाही. म्हणून मी पत्रात आधी मासिक ठरलेला पगार लिहितो, त्यानंतर हमी नसलेली रक्कम वेगळी, कंपनीचा भरणा वेगळा आणि एकदाच मिळणारी रक्कम वेगळी.

जॉइनिंग बोनसच्या परतफेडीची अट बोनसच्या ओळीखालीच असावी. बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास पूर्ण ८ परत करायचे की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, कर कापण्यापूर्वीची रक्कम की हातात पडलेली, आणि कंपनीनेच कमी केले तर काय, या तिन्हींची उत्तरे तिथे हवीत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी नेहमी ‘परतफेड नाही’ असे लिहून घेतो. गैरवर्तन हा अपवाद ठेवायचा असेल तर गैरवर्तन म्हणजे काय तेही लिहावे लागते.

पदाबाबत थोडक्यात सांगतो. पदनाम, वरिष्ठाचे पद, कामाचे ठिकाण आणि वेळ लिहावी. ‘कंपनी सांगेल ती इतर कामे’ हे वाक्य ठेवायचेच असेल, तर ‘पदाशी सुसंगत’ हे शब्द त्यात घालावेत.

अटींमध्ये सर्वाधिक नुकसान करणारी अट पडताळणीची असते. ‘पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक ठरल्यास ही ऑफर लागू राहील’ असे वाचूनही उमेदवार दुसऱ्याच दिवशी जुन्या नोकरीचा राजीनामा देतो, आणि तीन आठवड्यांनी जुन्या पदनामातील फरकावरून ऑफर मागे घेतली जाते. कोणती कागदपत्रे व कोणत्या गोष्टी तपासणार आणि निकाल कोणत्या तारखेपर्यंत कळवणार, हे लिहावे. त्याखाली ‘पडताळणी पूर्ण झाल्याचे लेखी कळेपर्यंत कृपया सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये’ अशी सरळ ओळ घालावी. यामुळे रुजू होण्याची तारीख पुढे जाईल आणि तुमचे व्यवस्थापक कुरकुर करतील, तरी ही ओळ काढू नका. ‘कंपनीचे नियम लागू राहतील’ असे लिहिणार असाल, तर ते नियम पत्रासोबतच पाठवा. स्पर्धक कंपनीत न जाण्याची किंवा ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट असेल, तर ती पत्रातच असावी, रुजू होण्याच्या दिवशी सहीसाठी पुढे सरकवलेल्या करारात नव्हे. नंतर सविस्तर नियुक्तिपत्र देणार असाल, तर दोहोंत तफावत आढळल्यास कोणते ग्राह्य धरायचे, तेही नमूद करा.

पत्र पाठवण्यापूर्वी ते भरतीशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि त्याच्याकडून चार उत्तरे कागदावर लिहून घ्या: पहिल्या महिन्याचा कपातीपूर्वीचा पगार किती, १ जुलैला उमेदवार कायम असेल का, आठव्या महिन्यात राजीनामा दिला तर नोटीस किती दिवसांची, आणि तेव्हा किती रक्कम परत करावी लागेल. एकाही उत्तरासाठी त्याला तुमच्याकडे यावे लागले, तर ते कलम पुन्हा लिहा.