लीन लागलेले पैसे सोडवायचे कसे?

"माझ्या बचत खात्यातले ९,२०० रुपये अडकले आहेत. अ‍ॅपमध्ये लीन असे दिसते. बँक म्हणते, सायबर पोलिसांकडे जा. मी काहीच केलेले नाही. पैसे कसे सुटतील?"

लीन म्हणजे खात्यातली रक्कम रोखून धरणे, आणि ती अनेक कारणांनी लागते. आयपीओसाठी अर्ज केल्यावर, कर्जाचा हप्ता थकल्यावर किंवा प्राप्तिकर खात्याची वसुलीची नोटीस आल्यावरही ती लागू शकते. पण बँकेने तुम्हाला सायबर पोलिसांकडे पाठवले आहे, त्यामुळे तेवढ्याच प्रकाराबद्दल लिहितो. मी सत्तावीस वर्षे बँकेत नोकरी केली असून शेवटची काही वर्षे अशा ग्राहकांची समजूत काढण्यातच गेली.

फसवणूक झालेला माणूस १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवतो, तेव्हा त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकले त्या सगळ्या बँकांना ती रक्कम रोखून धरण्याची सूचना जाते. त्या साखळीतल्या एखाद्या खात्यातून तुमच्याकडे पैसे आले असतील, तर तुम्ही ठगाला ओळखत नसलात तरी तुमच्या खात्यावर लीन पडते. बँक ती सहसा स्वतःहून काढत नाही. ज्या पोलिसांकडच्या तक्रारीवरून ती लागली, त्यांचे किंवा न्यायालयाचे पत्र आल्यावर काढते.

माझ्या मेहुण्याचे साताऱ्यात विजेच्या सामानाचे दुकान आहे. एका गिऱ्हाईकाने क्यूआर कोडवर ३,८०० रुपये भरून मिक्सर नेला. तीन आठवड्यांनी खात्यात शिल्लक ६१,३४० रुपये दिसत होती, पण वापरता येण्याजोगी रक्कम ५७,५४० रुपयेच होती. तक्रार तेलंगणातली होती.

पहिल्यांदा त्याने शाखेत लेखी अर्ज देऊन चार गोष्टी मागितल्या: तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव व ईमेल, वादातल्या व्यवहाराचा क्रमांक आणि रोखलेली रक्कम. शाखेतल्या कारकुनाच्या पडद्यावर बहुतेक वेळा एक ओळीचा शेराच असतो, म्हणून हा अर्ज पोलिसांशी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या बँकेच्या नोडल कार्यालयापर्यंत पोचवायला सांगावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्यावा.

मग पुरावा. दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण तोवर पुसले गेले होते, पण वॉरंटी कार्डाचे गिऱ्हाईकाच्या सहीचे अर्धे पान शिल्लक होते. ते, बिलाची प्रत आणि तो व्यवहार पेनाने खुणावलेला खातेउतारा जोडून त्याने तपास अधिकाऱ्याला ईमेल केला व बँकेलाही त्याची प्रत पाठवली. अर्ज पानभराचा होता: मी काय विकले, पैसे कसे आले, पाठवणाऱ्याशी माझा दुसरा संबंध नाही, लीन उठवण्याचे पत्र बँकेला पाठवावे.

इथे एक गोची झाली. पोलिसांनी पत्राची पीडीएफ त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि शाखेने ती नाकारली. मला शाखेचे बरोबर वाटले, कारण असे पत्र कोणीही बनवू शकतो. ते पोलिसांच्या अधिकृत ईमेलवरून थेट नोडल कार्यालयाला जावे लागते. तसे गेल्यावर दोन दिवसांत लीन निघाली. एकूण पाच आठवडे गेले.

तुमचे ९,२०० रुपये कशाचे, हे आधी उताऱ्यात शोधा. ते कोणाचे हे तुम्हालाही ठाऊक नसेल, तर ओढूनताणून बिल तयार करू नका. रक्कम तक्रारदाराला परत करण्यास माझी हरकत नाही, असे पोलिसांना लिहून द्या. मात्र ज्याच्याकडून पैसे आले त्याला परस्पर परत पाठवू नका, कारण लीन तशीच राहते आणि रक्कम दुसऱ्यांदा जाते. "पैसे द्या, खाते सोडवून देतो" असे फोन येतील, तेही ठगांचेच समजावेत.

छोट्या रकमेसाठी सगळे खातेच गोठवले असेल, तर निर्बंध वादातल्या रकमेपुरताच ठेवावा अशी लेखी मागणी करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना असेच सांगितले होते.

पोलीस उत्तरच देत नसतील, तर त्या ठाण्याच्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४५७ होते. न्यायालय हमीपत्र घेऊन रक्कम मोकळी करू शकते, पण परराज्यातल्या वकिलाची फी धरता ९,२०० रुपयांसाठी मी तरी आधी ईमेलचाच पाठपुरावा करीन. बँक तपशील देण्यासच टाळाटाळ करत असेल, तर लेखी तक्रारीला ३० दिवस झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. परंतु पोलिसांनी लावलेली लीन लोकपाल उठवत नाही.

तोवर हप्ते व विम्याचे ऑटोडेबिट या खात्यावर असतील, तर शिल्लक न पाहता वापरता येण्याजोगी रक्कम पाहत जा. लीनमुळे ती कमी पडली की हप्ता परत जातो आणि त्याचा दंड वेगळा बसतो.