वडील ‘वारले’, बाबा ‘गेले’

प्रश्न: वडिलांच्या वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी चार पानं छापायची आहेत. ‘वारले’, ‘गेले’ की ‘निधन झालं’? मी लिहिलेलं एकतर श्रद्धांजलीच्या फलकासारखं वाटतं (‘काळाने घाला घातला आणि मायेचं छत्र हरपलं’), नाहीतर बायोडेटासारखं (‘१९४८ साली जन्म झाला. एस.टी.त कंडक्टर म्हणून लागले. २००६ साली निवृत्त झाले. २०२४ मध्ये अल्पशा आजाराने निधन झालं’). निवृत्तीनंतरही ते नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरायचे. हे लिहावं, की फार क्षुल्लक आहे?

उत्तर: आधी त्यांना काय म्हणून लिहिताय ते ठरवा, क्रियापद आपोआप ठरेल. ‘माझे वडील वारले’ हे आपण परक्याला सांगतो, बँकेत, शाळेत, गाडीत भेटलेल्या माणसाला. घरात मात्र ‘बाबा गेले’. ‘बाबा वारले’ चुकीचं नाही, पण कानाला जरा खटकतं. (आईच्या बाबतीत हा भेद पुसट आहे, ‘आई गेली’ आणि ‘आई वारली’ दोन्ही घरात चालतात.) तुमचे वाचक घरचेच आहेत, तेव्हा ‘बाबा गेले’.

‘बाबांचं निधन झालं’ या वाक्यात व्याकरणानं कर्ता ‘निधन’ आहे, बाबा षष्ठीत सरकलेत. वर्तमानपत्राला ते सोयीचं, कारण तिथे बातमी निधनाची असते. ‘काळाने घाला घातला’ मध्ये तर बाबा उरलेच नाहीत, जे काही केलं ते काळानं. शिवाय घाला म्हणजे अचानक येऊन पडलेली धाड. शहात्तराव्या वर्षी, आजारपणानंतर गेलेल्या माणसाला तो शब्द लागूच पडत नाही. ‘अल्पशा आजाराने’ हाही छापील तुकडाच. आजार किती दिवसांचा होता ते तुम्हाला ठाऊक आहे. तेवढे दिवस लिहा.

आता बायोडेटा. त्यातला दोष तपशिलांचा नाही, काळाचा आहे. झाला, लागले, झाले, झालं: ही सगळी एकेकदाच घडलेली कामं. एकदाच घडलेल्या गोष्टींतून माणसाची सवय दिसत नाही, आणि घरच्यांना आठवते ती सवय. तुमच्या प्रश्नात तो काळ एकाच ठिकाणी बदललाय: ‘धरायचे’. शालेय व्याकरणात रीतिभूतकाळ म्हणून ‘धरत असत’ शिकवतात. बोलण्यात तेच काम ‘-यचे’ करतं. ‘धरत असत’ लिहिलंत तर बाबा एकदम इतिहासातले होतील. ‘धरायचे’च ठेवा. नोटांची गोष्ट क्षुल्लक आहे म्हणता, पण नोकरीचं अख्खं आयुष्य त्या बेचक्यात आलंय.

पण ‘-यचे’चीही एक खोड आहे. ओळीनं पाच-सहा आले की अंगाईचा ठेका लागतो (हसायचे, समजावायचे, लाड करायचे…) आणि फलकावरचा गहिवर मागच्या दारानं आत येतो. म्हणून दोन-तीन झाले की एकदाच घडलेली एक गोष्ट साध्या भूतकाळात ठेवायची. नमुना म्हणून मी रचून पाहतो. शेवटच्या वाक्यात खरं घडलेलं तुम्ही घाला:

‘बाबा नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरायचे. दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी दूधवाल्याला पैसे द्यायचे ते तसेच, आणि सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशी हुज्जत घालायचे. दवाखान्यात नेलं त्या दिवशी रिक्षावाल्याला पैसे मी दिले.’

‘दिले’ इथे एकटंच पडलंय, म्हणून ऐकू येतं. त्याच्यापुढे ‘थरथरत्या हातांनी’ घालायचा मोह होईल. घालू नका, आणि ‘तेव्हा मला कळून चुकलं की…’ हेही नको. कंडक्टर, २००६, अठरा वर्षं हे तुमच्या बायोडेटातलंच आहे. जन्मसाल आणि बाकीच्या तारखा मुखपृष्ठाच्या आत एका ओळीत द्या.

जे अजून आहे ते वर्तमानकाळातच राहू द्या. बाबांचा तिकिटांचा ट्रे माळ्यावर असेल तर ‘आहे’ लिहा. शुद्धलेखन तपासणारे सगळीकडे ‘होता’ करत सुटतात. माझ्या आईवर लिहिताना मी ‘आईला चहा उकळलेलाच लागतो’ असं लिहून गेलो होतो. भावानं काही न बोलता पेन्सिलीनं ‘लागायचा’ केलं. तिथे त्याचं बरोबर होतं. पुढच्या ओळीतलं ‘तिचं गाळणं मीच वापरतो’ त्यानं तसंच सोडलं.

राहिलं ‘कै.’. ते कैलासवासीचं रूप, पूर्ण नावाआधी मुखपृष्ठावर शोभतं. वारकरी घर असेल तर ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी. आतल्या पानांत ‘बाबा’ पुरे. ‘कै. बाबा’ असं कुणी हाक मारत नाही.